समजतं, बोलताही येतं, पण वाचता येत नाही: मराठवाड्यातल्या घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

लातुरात मी मोठ्या माणसांचा एक छोटा वाचनवर्ग घेते. येणारी बहुतेक मंडळी इंग्रजी माध्यमात शिकलेली, किंवा हैदराबाद, बंगळूर, पुण्यात वाढलेली असतात. घरी त्यांच्याशी मराठीच बोलली गेली, पण अक्षर कधी हातात आलं नाही. खालचे प्रश्न त्यांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि कधी त्यांच्या नवऱ्या-बायकोनी विचारलेले आहेत. ज्याच्यासाठी हे लिहिलं आहे त्याला ते अजून वाचता येणार नाही, त्यामुळे घरातल्या कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवा.

१. माझा मुलगा मराठी फाडफाड बोलतो. मग त्याला नवशिक्यांच्या मराठी वर्गाला घालायचं का?

नको. त्या वर्गात 'हे काय आहे? हा आंबा आहे' असं शिकवतात, आणि आंबा म्हणजे काय हे त्याला तिसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे. दोन आठवड्यांत तो कंटाळून सोडतो, आणि घरचे म्हणतात, त्याला गोडीच नाही.

त्याचं काम वेगळं आहे. नव्यानं भाषा शिकणाऱ्याला 'घोडा'चं 'घोड्याला' होतं, 'माझा' आणि 'माझी'तल्या झ चा उच्चार निराळा असतो, अशा गोष्टी पाठ कराव्या लागतात. ह्या मुलाच्या तोंडात त्या आधीच बसलेल्या आहेत. त्याला फक्त खूण आणि आवाज यांची गाठ घालायची आहे. म्हणून शब्द शिकवू नका, अक्षर शिकवा, आणि तेही त्याच्या रोजच्या शब्दांतूनच.

२. मुळाक्षरांचा तक्ता आणलाय. 'क ख ग घ ङ'पासून सुरुवात करू का?

तक्ता भिंतीवर राहू द्या, सुरुवात मात्र त्यावरून करू नका. तक्त्याची मांडणी उच्चाराच्या जागेप्रमाणे आहे. ती सुंदर आहे, पण वाचणाऱ्याला तिसऱ्याच मिनिटाला ङ देते, आणि ङ असलेला एकही शब्द तो घरात बोलत नाही.

मी दहा अक्षरं आणि एक काना घेते: क, म, द, ब, त, न, ल, र, स, घ. एवढ्यात काका, मामा, दादा, बाबा, नाना, काम, नाक, कान, दार, घर, ताक, बस, सासर हे सगळं वाचता येतं. पहिल्याच बैठकीत माणूस वीसेक खरे शब्द वाचून उठतो. एक सांगावं लागतं, की 'घर' लिहिताना र च्या आत 'अ' आहे, तरी आपण शेवटी तो म्हणत नाही. हे एकदाच सांगा. पुढं त्याचा कान ते सांभाळतो.

दुसऱ्या बैठकीत दीर्घ वेलांटी, दीर्घ उकार, एक मात्रा आणि काना-मात्रा: मी, तू, ती, ते, तो, नको, तेल, मोर, दूर. ऱ्हस्व वेलांटी मी मुद्दाम उशिरा घेते. ती लिहायला अक्षराच्या आधी येते आणि बोलायला नंतर, त्यामुळे 'दिवस' हा साधा शब्दही नवख्या डोळ्याला उलटा दिसतो. वेलांटी दिसली की पेन्सिलीचं टोक आधी अक्षरावर ठेवायचं आणि मग मागं यायचं. ही सवय आठवडाभर लावली की पुरते.

जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. त्याआधी एसटीच्या पाट्या वाचायला लावा. जालना, बीड, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, धाराशिव: मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी ह्या सात नावांत एकही जोडाक्षर नाही. 'छत्रपती संभाजीनगर' मात्र त्र शिकल्यावर.

३. किती दिवस लागतील?

कुठून सुरुवात आहे त्यावर आहे. लिपी अजिबात न येणारा, पण घरी रोज मराठी बोलणारा मोठा माणूस रोज वीस-पंचवीस मिनिटं बसला, तर दीड-दोन महिन्यांत अडखळत का होईना, ओळखीचा मजकूर वाचू लागतो, असा माझा अनुभव आहे. वर्तमानपत्राची बातमी सलग वाचायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो. तो वेळ अक्षरांपेक्षा छापील भाषेत जातो (प्रश्न ६ पाहा). लिहायला येणं ही आणखी निराळी गोष्ट आहे (प्रश्न ९).

४. मला हिंदी वाचता येते. अक्षरं तीच, तरी मराठी वाचताना चुकतं. का?

कारण अक्षरं बरीचशी तीच असली तरी वाचायची रीत तीच नाही. हिंदीवाल्यांच्या चुका इतक्या ठराविक असतात की मी त्या ऐकूनच ओळखते.

पहिली चूक शब्दाच्या शेवटच्या अनुस्वाराची. हिंदीत 'में', 'नहीं' नाकातून म्हणतात. मराठीत 'केलं', 'घरं', 'असं' यांतलं टिंब नाकातलं नाही, तिथं शेवटचा अ लांबवून म्हणायचा असतो. 'घर' एक आणि 'घरं' अनेक. हिंदी सवयीनं माणूस 'घरँ' असं काहीतरी म्हणतो, आणि स्वतःच गोंधळतो, कारण असा शब्द त्यानं आयुष्यात ऐकलेला नसतो.

दुसरी ऐ आणि औ ची. हिंदीतला 'पैसा' आणि 'और' यांचे स्वर आपल्याहून वेगळे आहेत. आपण 'पइसा', 'अउत' असं म्हणतो. शेतातलं औत त्याला माहीत असतं, फक्त कागदावर ते हिंदीसारखं वाचलं की ओळखू येत नाही.

तिसरी ज्ञ आणि ऋ. हिंदीत 'ग्यान' आणि 'रिशि', आपल्याकडे 'द्न्यान' आणि 'रुशी'.

चौथी, आणि सगळ्यात जास्त अडवणारी, आडवा र. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार डोक्यावर चढतो, दुसऱ्यात र आडवा होऊन य ला चिकटतो. ही दुसरी खूण हिंदीत नाही. मराठीत मात्र ती जागोजाग आहे: दुसऱ्या, पायऱ्या, भाकऱ्या, शेतकऱ्याला. वाचताना जोर कुठं येतो तेवढं पाहा: 'दर्या' म्हणताना र च्या आधीच्या द वर आघात होतो, 'दऱ्या' म्हणताना होत नाही.

ळ नवा आहे, पण तो तोंडात असतोच, त्यामुळे एका दिवसात बसतो. ल आणि श यांची आकृती मात्र डोळ्याला खुपते. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितात, आणि २००९ च्या शासननिर्णयातही तेच प्रमाण धरले आहेत. पण मोबाइलवर बऱ्याचदा हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. दोन्ही ओळखता यायला हवीत.

५. मी हैदराबादला वाढले, तेलुगू वाचते-लिहिते. त्याचा काही उपयोग?

मोठा उपयोग आहे. अक्षराला काना-मात्रा लावून स्वर बदलायचा, ही कल्पनाच तुम्हाला शिकवावी लागत नाही. वर्णमालेचा क्रमही जवळपास तोच आहे, आणि ळ तेलुगूत आहेच. कन्नड येणाऱ्यांनाही हेच लागू आहे. एकच फरक लक्षात ठेवा: तेलुगू-कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहितात, देवनागरीत एकच खूण आहे. ती आखूड म्हणायची की लांब, ते तुमचा कान सांगेल.

६. अक्षरं सगळी येतात. तरी वाचलेला शब्द ओळखीचा वाटत नाही. घरी म्हणतात ते पुस्तकात नसतंच!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि मराठवाड्याच्या घरांत तो इतर कुठल्याही अडचणीपेक्षा मोठा आहे. बोलीभाषक वाचायला शिकतो तेव्हा त्याचा सगळा भर एका गोष्टीवर असतो: अक्षरं जोडून आवाज तयार झाला की शब्द आपोआप ओळखू येईल. तो आवाज घरच्या शब्दासारखा आला नाही, तर ही यंत्रणा तिथंच थांबते. त्याला वाटतं, आपण चुकीचं वाचलं. तो परत पहिल्यापासून अक्षरं लावतो, परत तेच येतं, आणि तो पुस्तक मिटतो. खरं तर त्यानं बरोबर वाचलेलं असतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. निलंगा भागातलं कुटुंब, मुलगा हैदराबादला वाढलेला, शाळेत इंग्रजी आणि तेलुगू. पाचव्या आठवड्यात तो अक्षरं बरी वाचायचा. डिसेंबर होता, म्हणून मी त्याला वर्तमानपत्रातलं एक शीर्षक दिलं: 'वेळा अमावस्या उत्साहात'. त्यानं 'वेळा' वाचलं, 'अमावस्या' वाचलं आणि म्हणाला, हे काय असतं? मी म्हटलं, परवा तुम्ही कुठं गेला होता? तो म्हणाला, येळवशीला, गावाकडं. लहानपणापासून दर वर्षी तो त्या सणाला शेतात जेवला होता, आणि त्याच सणाचं छापील नाव त्याला परकं होतं.

मग आम्ही पद्धत बदलली. त्याच्या आजीला फोन करून येळवशीला काय काय करता ते सांगायला लावलं आणि ते मोबाइलवर घेतलं, मिनिटभरच. मी ते जसंच्या तसं उतरवलं:

'येळवशीच्या आदल्या दिशी आंबील करून ठिवतेत. सकाळी समदे शेतात जातेत. कडब्याची कोप करतेत. भज्जी, उंडे, आंबील डोक्यावर घिऊन जातेत.'

हा कागद त्यानं आजीचा आवाज लावून, शब्दाखाली बोट फिरवत वाचला. तीन दिवसांत आवाजाशिवाय वाचू लागला. 'आंबील'मधलं टिंब म सारखं म्हणायचं हे मला सांगावंच लागलं नाही. मग त्याच ओळी मी खाली छापील रूपात लिहिल्या: 'वेळा अमावस्येच्या आदल्या दिवशी आंबील करून ठेवतात. सकाळी सगळे शेतात जातात.' दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक त्यालाच शोधायला लावले. त्यानं वहीच्या पुठ्ठ्यावर पाच ओळी लिहिल्या:

जातेत → जातात
येळ → वेळ
ठिवते → ठेवते
समदे → सगळे
काय करूलालास → काय करतो आहेस

शेवटची ओळ आजीच्या मजकुरात नव्हती, ती त्याच्या स्वतःच्या बोलण्यातली. परभणी-नांदेडकडच्या घरात तिथं 'करायलास' येईल, आणि बऱ्याच घरांत 'पानी → पाणी', 'कोन → कोण' ही जोडीही लागेल. ही यादी घरागणिक वेगळी होते. ती पाच-सात ओळींच्या वर क्वचित जाते, कारण फरक पुष्कळ दिसले तरी ते मोजक्याच रीतींचे असतात. एकदा 'तेत'चं 'तात' होतं हे डोळ्यात बसलं की शेकडो क्रियापदं एकदम मोकळी होतात. पुढच्या दोन आठवड्यांत तो बातमी वाचताना मनातल्या मनात ती आजीच्या बोलीत फिरवू लागला. आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं: त्यासाठी आजीचं बोलणं दुरुस्त करण्याची गरज पडली नाही. 'ठिवतेत' ही चूक नाही, ती लातूरकडची बोली आहे. वाचणाऱ्याला दोन्ही लागतात, एक ऐकण्या-बोलण्यासाठी, दुसरी छापलेलं वाचण्यासाठी.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. पोरगं वाचायला लागलं की 'येळ नाही, वेळ म्हण' असं बोलताना टोकू नका. टोकलं की ते तुमच्याशी मराठीत बोलणं कमी करतं, आणि ज्या कानाच्या जोरावर ते वाचायला शिकतंय तोच कान अधू होतो.

७. आजीला स्वतःला लिहिता-वाचता येत नाही. मग तिची मदत कशी घ्यायची?

वर सांगितली तशीच, आवाज घेऊन. मजकूर उतरवायला एक लिहिणारं माणूस लागतं: शेजारच्या काकू, शाळेतले गुरुजी, कुणीही. त्यांना एकच बजावा, की आजी म्हणाली तेच लिहायचं, सुधारून लिहायचं नाही. बहुतेक जण नकळत सुधारतात. मग आवाज एक आणि अक्षर दुसरं होतं, आणि शिकणारा पुन्हा गोंधळतो.

८. मुलगी वाचते की अंदाजानं ठोकते, कसं कळेल?

भाषा येणाऱ्या माणसाला अंदाज फार छान येतो, हीच अडचण आहे. 'आजी शेतात...' एवढं वाचून ती 'गेली' म्हणून मोकळी होते, पुढं 'बसली' लिहिलेलं असलं तरी.

सुटे शब्द द्या, तेही एकसारखे दिसणारे: घर – धर, मात – भात, वर – बर, माया – माथा. वाक्य नसलं की अंदाजाला आधार राहत नाही. दहा जोड्यांत दोन-तीन चुका झाल्या तर घ-ध, म-भ, व-ब, य-थ यांपैकी नेमकी कुठली जोडी कच्ची आहे ते लगेच दिसतं. तेवढीच पक्की करा. आकड्यांतही १ आणि ९, ५ आणि ४ असे चकवे असतात, एसटीच्या वेळापत्रकावर ते पाहून घ्या.

वाचताना च आणि ज वर ती अडत नसेल, तर मात्र काळजी करू नका. 'चहा' आणि 'चाक' यांतला च एकच लिहितात आणि दोन तऱ्हेनं म्हणतात. 'जेवण' आणि 'जागा' यांतल्या ज चंही तसंच. कुठला कुठं, हे कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं. तिथं शब्द ओळखूनच उच्चार करावा लागतो, आणि तेवढा अंदाज चांगला वाचणाराही करतो.

९. वाचता येतं, पण लिहिताना वेलांटी-उकार हमखास चुकतात. काही नियम?

मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ इ-उ चा फरक कानाला फारसा कळत नाही, म्हणून इथं घरची भाषा उपयोगाची नाही. सगळं व्याकरण शिकू नका. दोन गोष्टींत बरंच निभावतं.

शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला तर दीर्घ: मी, पाणी, भाजी, लाडू, वस्तू. 'आणि' हा रोज लागणारा अपवाद.

शब्दाचं शेवटचं अक्षर साधं असेल तर त्याच्या आधीचा इ-उ बहुधा दीर्घ: गरीब, वकील, फूल, लातूर. पण त्या शब्दाला पुढं प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो: गरिबाला, वकिलाचा, फुलात, लातुरात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द (गुण, विष, मंदिर) ह्या नियमात बसत नाहीत, ते बघून बघून येतात.

आणि प्रत्यय शब्दाला जोडून लिहायचा. 'आजी ला', 'घरा त' असं तोडून लिहिण्याची सवय इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिण्यातून येते.

१०. व्हॉट्सॲपवर आम्ही घरचे सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. चालू ठेवू का?

बोलणं चालू राहतं, म्हणून बंद करा असं म्हणणार नाही. पण त्यात त-ट, द-ड, न-ण, ल-ळ हे सगळे एका अक्षरात जातात. `kal` लिहिलं तर 'काल', 'कळ' की 'कल' ते वाचणारा अंदाजानं ठरवतो, आणि लिहिणाऱ्याचं लक्ष त्या फरकाकडं कधी जातच नाही.

मोबाइलवर इंग्रजीत टाइप केलं की मराठी शब्द सुचवणारा कीबोर्ड मधला पूल म्हणून वापरा. सुचलेल्या तीन-चार शब्दांतला बरोबर कुठला हे निवडावं लागतं, म्हणजे वाचन होतं. त्यातून स्वतः लिहिता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या. त्यासाठी दिवसाला तीन ओळी हातानं लिहाव्या लागतात. किराण्याची यादी सगळ्यात सोपी: तूर, गूळ, मीठ, तेल, जिरे, साबण.

११. मुलीच्या शाळेत मराठी विषय आहे. तरी वाचता येत नाही, हे कसं?

२०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, आणि ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली. त्याआधी शाळेतून गेलेल्यांना ती मिळालीच असेल असं नाही. आता मिळते त्यांतही पुष्कळ मुलं धडा पाठ करून परीक्षा देतात. तिच्या पुस्तकातला धडा वाचायला सांगू नका, तो तिला तोंडपाठ असेल. न पाहिलेल्या चार ओळी द्या आणि प्रश्न ८ मधली चाचणी घ्या.

१२. आमच्या घरात गोरमाटी बोलतात. दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्यांनाही हीच पद्धत चालेल का?

गोरमाटीला, म्हणजे बंजारा बोलीला, स्वतःची रूढ लिपी नाही, आणि आपल्याकडे ती देवनागरीतच लिहिली जाते. त्यामुळे मराठीची अक्षरं येत असतील तर आजीचा आवाज घ्या, उतरवून घ्या, आणि वाचा. शिकायचं नवं असं फार थोडं आहे.

दखनीचं तसं नाही. ती मोबाइलवर देवनागरीत लिहिली तरी चालते, पण घरातली छापील पुस्तकं उर्दू लिपीत असतात. ती उजवीकडून डावीकडे जाते, अक्षर शब्दात कुठं आलं त्यावरून त्याचं रूप बदलतं, आणि आखूड स्वर बहुधा लिहीतच नाहीत. तिथं घरची भाषा येण्याचा फायदा मराठीहूनही जास्त आहे, कारण न लिहिलेला स्वर भाषा येणाऱ्यालाच सुचतो. मात्र शिकवणारं माणूस उर्दूचंच पाहिजे.

१३. आजोबांच्या पेटीत जुने कागद आहेत. आता मराठी वाचता येते, पण त्यातलं एकही अक्षर लागत नाही. माझं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. आधी तो कागद कुठल्या लिपीत आहे ते पाहा. मराठवाड्यातल्या पेट्यांत तीन तऱ्हेचे कागद निघतात.

ओळीच्या डोक्यावर एकच लांब रेघ ओढलेली, आणि खाली गोल, एकमेकांत गुंतलेली अक्षरं असतील तर ती मोडी. भाषा मराठीच आहे, लिपी निराळी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि शब्द सुटे लिहीत नाहीत. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग भरत आले आहेत, पण तिथं जायच्या आधी देवनागरी सरावाची हवी.

उजवीकडून लिहिलेलं असेल तर उर्दू. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. जमिनीचे, शाळेचे कागद म्हणून त्या लिपीत सापडतात, घर मराठी असलं तरी. जमिनीचा कागद असेल तर अंदाजानं वाचू नका, जाणकाराकडून वाचून आणि लिहून घ्या.

तिसरा तुम्हाला वाचता येईल: देवनागरीतलं जुनं पत्र. तिथं टिंबं जास्त दिसतात: 'मीं', 'त्यानें', 'घरांत'. हे १९६२ च्या लेखननियमांच्या आधीचं वळण आहे. त्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. पत्रातलं 'घरांत' म्हणजे एकाच घरात असू शकतं. आज तसंच लिहिलं तर अनेक घरांत असा अर्थ होतो. जादा टिंबं पेन्सिलीनं हलकेच गोल करा आणि ती नाहीत असं धरून मोठ्यानं वाचा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्या शेजारी बसून वाचा. एखादं नाव तुम्हाला लागणार नाही, ते त्याला लागेल.